खंड्याने मान फिरवली: आपला फोटो परस्पर कुणी वापरतंय का, हे कसं शोधायचं

मी काढलेल्या फोटोतला खंड्या डावीकडे बघतो. चोचीत आडवा धरलेला मासा, पायाखाली वाळकी फांदी आणि त्या फांदीची मधेच मोडून खाली लोंबणारी एक काटकी. मैत्रिणीने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधला खंड्या उजवीकडे बघत होता. भिंतीवर लावायची चित्रं विकणाऱ्या एका संकेतस्थळाचं ते पान होतं आणि चित्रावर कुठलंसं सुवचन छापलेलं होतं. "हा तुझाच ना गं?" असं तिने खाली लिहिलं होतं. मी आधी नाही म्हणाले. मग ती मोडकी काटकी दिसली.

खरी गंमत पुढे आहे. त्याच्या दोनच महिने आधी मी हाच फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाकून पाहिला होता. काहीही निघालं नव्हतं आणि मी निर्धास्त झाले होते. फोटो चोरीला गेलेला असून शोधात का आला नाही, हे समजून घेताना या शोधाची सगळी यंत्रणाच थोडीफार उलगडत गेली.

## फोटोवरून फोटो शोधणं म्हणजे काय

नेहमीच्या शोधात आपण शब्द देतो आणि पानं किंवा चित्रं मिळवतो. रिव्हर्स इमेज सर्चमध्ये चित्र द्यायचं आणि ते कुठल्या पानांवर आहे हे मिळवायचं. गूगल लेन्स, बिंग, यांडेक्स आणि टिनआय ही त्यातली चार ठळक नावं. टिनआय २००८ साली कॅनडातून सुरू झालं, गूगलने ही सोय २०११ मध्ये आणली.

आपण बटण दाबल्यावर हे यंत्र सगळं इंटरनेट धुंडाळायला निघतं, असा एक समज असतो. तसं होत नाही. या कंपन्यांचे प्रोग्रॅम वर्षभर संकेतस्थळांवर फिरत असतात, दिसलेल्या चित्रांची नोंद करून एक भलीमोठी सूची तयार ठेवतात आणि आपला फोटो फक्त त्या सूचीशी ताडून बघतात. वाचनालयात कपाटात असलेलं पुस्तक नोंदवहीत चढवलेलं नसेल, तर ग्रंथपाल "नाही" असंच सांगणार. तो खोटं बोलत नसतो, त्याने वही बघितलेली असते.

प्रत्येकाची वही वेगळी. म्हणून एका ठिकाणी शून्य निकाल आणि दुसऱ्या ठिकाणी सात, हे रोजचंच आहे.

## यंत्र दोन फोटो "तेच" आहेत हे ओळखतं कसं

सूचीत अब्जावधी चित्रं असताना प्रत्येक फोटोचा प्रत्येक ठिपका ताडून पाहणं शक्य नाही आणि उपयोगाचंही नाही. फोटो पुन्हा सेव्ह केला, लहान केला, की बहुतेक ठिपके किंचित बदलतातच. मग करायचं काय? आपण लांबून येणारा ओळखीचा माणूस चेहरा दिसण्याआधीच चालीवरून ओळखतो. सदऱ्याची बटणं मोजत बसत नाही. यंत्रही फोटोची अशी ढोबळ चण टिपून ठेवतं. तिला आपण ठसा म्हणू.

ठसा घ्यायच्या अनेक रीती आहेत. त्यातली एक इतकी साधी आहे की कागदावर करून बघता येते. फोटोचे रंग काढून तो करडा करायचा, मग आकसत आकसत फक्त ९ उभे स्तंभ आणि ८ आडव्या ओळी उरतील एवढा लहान करायचा. आता प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जात एकच प्रश्न विचारायचा: पुढचा ठिपका मागच्यापेक्षा उजळ आहे का? नऊ ठिपक्यांत असे आठ प्रश्न होतात. आठ ओळींचे मिळून ६४. ही ६४ हो-नाही उत्तरं म्हणजे त्या फोटोचा ठसा.

एक ओळ करून बघू. समजा उजळपणाचे आकडे आहेत २०, ४०, ६०, ९०, ७०, ५०, ८०, ६०, ३०. उत्तरं येतात: हो, हो, हो, नाही, नाही, हो, नाही, नाही.

कुणी हा फोटो निम्मा काळपट केला, तर आकडे होतील १०, २०, ३०, ४५, ३५, २५, ४०, ३०, १५. उत्तरं मात्र जशीच्या तशी राहतात, कारण चढ तिथे चढच आहे आणि उतार तिथे उतार. म्हणून फोटो लहान केला, फिकट केला, त्याला फिल्टर लावला, तरी तो सहसा पकडला जातो.

आता तीच ओळ आरशात बघितल्यासारखी उलटी करा: ३०, ६०, ८०, ५०, ७०, ९०, ६०, ४०, २०. उत्तरं येतात: हो, हो, नाही, हो, हो, नाही, नाही, नाही. मूळ ओळीशी ताडून पाहा. आठांपैकी चार उत्तरं बदलली. आता चार म्हणजे किती? एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन फोटोंतही साधारण निम्मी उत्तरं योगायोगाने जुळतातच. म्हणजे या रीतीच्या लेखी माझा खंड्या आणि त्याची आरसा-प्रत हे दोन परके फोटो आहेत. माणसाला मात्र पक्ष्याने नुसती मान फिरवल्यासारखं वाटतं.

मोठ्या कंपन्यांच्या रीती यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या असतात. त्या फोटोतले कोपरे, कडा, ठळक खुणा वेगळ्या टिपतात, त्यामुळे फोटोचा तुकडा कापलेला असला तरी जुळणी होऊ शकते. काही यंत्रणांना आरसा-प्रतही उमगते. पण कुठलीही यंत्रणा ती दर वेळी पकडेलच असं धरून चालू नये. फोटो आडवा फिरवायला चोराला एक बटण पुरतं, आणि आपल्यालाही.

## मग शोधायचा कसा

आधी कुठला फोटो द्यायचा ते ठरवू. जी प्रत आपण जगासमोर टाकली होती तीच द्यावी, कारण चोराच्या हाती तीच लागलेली असते. मोबाईलचा स्क्रीनशॉट देत असाल तर वरची बॅटरीची पट्टी, बाजूची बटणं, खालच्या प्रतिक्रिया हे सगळं कापून टाका. नाहीतर यंत्र त्या चौकटीचाही ठसा घेतं.

संगणकावर images.google.com उघडून शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की फोटो चढवता येतो. इथे पहिली फसगत होते. गूगल लेन्सला मुळात "हे काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर देण्यात जास्त रस. मी फोटो दिला तर त्याने पक्ष्याभोवती आपणहून चौकट आखली, जात ओळखली आणि जगभरातले शंभर खंड्या माझ्यासमोर आणून बसवले. सगळे देखणे, पण त्यांतला माझा एकही नाही. अशा वेळी चौकटीचे कोपरे ओढून पूर्ण फोटोभर न्यावेत आणि निकालांत Exact matches असा विभाग दिसला तर तो उघडावा. आपल्या कामाचा तोच. "दिसायला सारखे" फोटो चोरीचा पुरावा नसतात.

टिनआयचा स्वभाव उलटा आहे. tineye.com वर तोच फोटो दिला तर ते जात-बित सांगत बसत नाही, त्याच फोटोच्या प्रती आणि बदललेल्या प्रतीच शोधतं. निकाल Oldest असे लावले की सगळ्यात आधी नोंदलेली प्रत वर येते. तिथली तारीख मात्र जपून वाचावी. टिनआयच्या प्रोग्रॅमला ती प्रत पहिल्यांदा कधी दिसली, एवढंच ती सांगते. फोटो त्या पानावर प्रत्यक्षात कधी चढला हे नाही. तुमची नोंद २०२३ची आणि चोराची २०२१ची दिसली म्हणून तुमचा फोटो त्याचा होत नाही. त्याच्या पानावर प्रोग्रॅम आधी पोचला, इतकंच.

माझ्या खंड्याचा शोध दुसऱ्यांदा घेतला तेव्हा क्रम असा झाला. पूर्ण फोटो गूगलला दिला, तर तंतोतंत जुळणाऱ्यांत एकच पान, माझं स्वतःचं. टिनआयमध्ये शून्य. मग मोबाईलच्या फोटो संपादनात जाऊन फ्लिपचं बटण दाबलं आणि आरसा-प्रत सेव्ह केली. ती गूगलला दिल्यावर दोन पानं वर आली. एक मैत्रिणीने पाठवलेलं, दुसरं मला ठाऊकच नसलेलं, कुठल्याशा लेखावर शोभेला लावलेलं. तिसऱ्या खेपेला आरसा-प्रतीतून फक्त पक्षी, मासा आणि काटकी एवढाच तुकडा कापून दिला, आजूबाजूची मोकळी हिरवी जागा टाकून दिली. आणखी एक पान सापडलं, जिथे फोटो उभ्या पट्टीसारखा कापून बाजूला लावला होता.

तुकड्याने एवढा फरक का पडावा? चोराने माझ्या फोटोचा डावीकडचा तिसरा हिस्सा कापला होता, कारण खालच्या कोपऱ्यात तिथेच माझं नाव होतं. उरलेल्या मोकळ्या जागेवर त्याने सुवचन छापलं होतं. म्हणजे पूर्ण फोटोपैकी जेमतेम निम्मा भाग दोन्हींत सामाईक उरला. मी तुकडा दिला तेव्हा सामाईक भागाचं पारडं जड झालं. म्हणून तुकडा निवडताना "मी चोर असते तर यातलं काय ठेवलं असतं?" असा विचार करावा. मोकळं आकाश कुणी ठेवत नाही, आणि यंत्रालाही आकाशावरून काही ओळखता येत नाही.

एका फोटोचे असे चार शोध होतात: पूर्ण, आरसा-प्रत आणि दोघांचे तुकडे. हे दोन-तीन यंत्रणांवर करायचे तर दहा मिनिटं सहज जातात. म्हणून सगळे फोटो तपासण्याच्या फंदात पडू नये. जे सर्वांत जास्त फिरले, ज्यांत ओळखीशिवायही वापरता येईल असा विषय आहे (फूल, सूर्यास्त, पक्षी, रिकामा रस्ता), असे आठ-दहा निवडावेत.

## "मिळालेला फोटो माझाच, हे कशावरून?"

हा आक्षेप समोरचा घेतोच, आणि कधीकधी आपणच घ्यायला हवा. प्रसिद्ध इमारतीसमोर रोज हजारो लोक एकाच पायरीवर उभे राहून तोच फोटो काढतात. तिथे फसवं साम्य भरपूर.

माझी पहिली कसोटी म्हणजे योगायोगाने आलेल्या गोष्टी. विषय बघू नका, कचरा बघा. मोडकी काटकी, माशाच्या शेपटीवरून ओघळणारा थेंब, कोपऱ्यात अर्धवट आलेलं पान, ढगाचा आकार, मागून जाणाऱ्या माणसाचा उचललेला पाय. यांतलं एकेक सुटं जुळेल, पण सगळं एकत्र जुळणं म्हणजे तोच क्षण.

दुसरी कसोटी अधिक कडक आहे. स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. दोन डोळ्यांत जेमतेम सहा-सात सेंटिमीटर अंतर, तरी एवढा फरक. शेजारी उभ्या असलेल्या दोन छायाचित्रकारांच्या फोटोंत हाच फरक पडतो: पुढची वस्तू मागच्या वस्तूच्या तुलनेत सरकते. म्हणून दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवता येतील अशा कुठल्याही ॲपमध्ये घ्या, वरच्याची पारदर्शकता निम्मी करा आणि आकार जुळवा. पुढचा पक्षी आणि मागचे धूसर हिरवे गोळे दोन्ही एकाच वेळी तंतोतंत बसले, तर कॅमेरा एकच होता. पक्षी जुळला पण मागचे गोळे घसरले, तर तो शेजारच्या माणसाचा फोटो आहे आणि तुम्ही माफी मागायच्या वाटेवर होतात.

तिसरी गोष्ट कसोटी म्हणून नाही, पुरावा म्हणून लागते. कापलेल्या फोटोच्या मालकाला कापलेला भाग दाखवता येत नाही. माझ्याकडे डावीकडचा तिसरा हिस्सा आहे, त्याच्याकडे नाही. शिवाय पक्ष्यांचे फोटो आम्ही बटण दाबून धरून सटासट काढतो, त्यामुळे त्या क्षणाच्या आधीची आणि नंतरची फ्रेमही माझ्याकडे आहे: एकीत मासा थोडा तिरका, दुसरीत पापणी मिटलेली. "चांगले तेवढे ठेवून बाकीचे उडवा" हा सल्ला मी याच कारणासाठी ऐकत नाही. न आवडलेल्या फ्रेम भांडणात फार उपयोगी पडतात.

फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती, म्हणजे कॅमेरा, तारीख, नाव वगैरे, यावर फार भिस्त ठेवू नये. समाजमाध्यमांवर फोटो चढवला की त्यातली बरीचशी पुसली जाते, आणि उरलेली कुणालाही बदलता येते.

## "काहीच सापडलं नाही, म्हणजे सुटलो ना?"

नाही. एवढंच कळलं की ज्या वह्या आपण चाळल्या त्यांत त्या दिवशी नोंद नव्हती.

वहीत न येणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. चॅटमधून फिरणारे फोटो, बंद गट, खाजगी खाती, लॉगिन केल्याशिवाय न उघडणारी पानं, ॲपच्या आत दिसणाऱ्या जाहिराती, ईमेलने जाणारी पत्रकं. फिरते प्रोग्रॅम तिथे शिरूच शकत नाहीत. संकेतस्थळाच्या मालकाला robots.txt नावाची एक छोटी फाइल ठेवून "इकडे येऊ नका" असं या प्रोग्रॅमना सांगताही येतं, आणि मोठ्या कंपन्या ते सहसा पाळतात. छापील गोष्टींचा तर प्रश्नच नाही. कुणी तुमचा फोटो डब्यावर छापला, तर त्या डब्याचा फोटो कुठेतरी चढेपर्यंत यंत्राला काही ठाऊक नसतं.

उशीर हे दुसरं कारण. आज चढलेला फोटो सूचीत यायला काही दिवस लागू शकतात, काही महिनेही. कधी तो येतच नाही. माझ्या पहिल्या शोधात काही न निघण्याची दोन कारणं असावीत: मी आरसा-प्रत दिली नव्हती, आणि ते पान तेव्हा सूचीत चढलंही नसेल. म्हणून निवडक फोटोंचा शोध चार-सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावा लागतो.

फोटोबरोबर तुम्ही ओळ लिहिली असेल तर ती अवतरण चिन्हांत घालून साध्या शोधातही टाकून बघा. फोटो उचलणारे पुष्कळदा मजकूरही तसाच उचलतात, आणि शब्द फ्लिप करता येत नाहीत.

## "माझ्या चेहऱ्याचं खोटं खातं कुणी काढलं असेल तर?"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. "हाच फोटो आणखी कुठे आहे?" हा एक प्रश्न. "हाच माणूस आणखी कुठल्या फोटोंत आहे?" हा दुसरा. वर सांगितलेलं सगळं पहिल्या प्रश्नासाठी आहे. टिनआय चेहरा ओळखत नाही, त्याला तुमचा तोच फोटो हवा. चेहऱ्यावरून माणूस शोधणाऱ्या स्वतंत्र सेवा आहेत, पिमआयज हे त्यातलं माहितीचं नाव. त्यांच्यावर टीकाही बरीच झाली आहे, कारण जी सोय तुम्हाला स्वतःचे फोटो शोधू देते तीच कुणालाही तुमचा माग काढू देऊ शकते. मी स्वतः त्या वाटेला जायच्या आधी दहादा विचार करेन.

खोट्या खात्यांच्या बाबतीत रिव्हर्स इमेज सर्च लंगडं पडतं, कारण ती खाती बहुधा लॉगिनच्या आतच असतात. तरीही करून बघायचं असेल तर नेहमीप्रमाणे आजचा प्रोफाइल फोटो देऊन थांबू नका. लबाड लोक एकच फोटो घेत नाहीत, खातं खरं वाटावं म्हणून पाच-सात घेतात, आणि त्यांत तीन-चार वर्षांपूर्वीचे सहलीचे, समारंभातले फोटो असतात. जुने फोटो शोधा. आणि ओळखीच्यांना सांगून ठेवा, कारण खोट्या खात्याची विनंती तुम्हाला येत नाही, त्यांना येते.

एक बारीक मुद्दा इथे आड येतो. फोटोवरचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नाही. मित्राने काढलेला तुमचा फोटो कुणी वापरला, तर हक्कभंगाची तक्रार मित्राने करायची. तुमची तक्रार तोतयागिरीची किंवा खाजगीपणाची. चुकीचा अर्ज भरला की तो परत येतो आणि आठवडा फुकट जातो.

## "शोधण्यासाठी फोटो चढवायचा, हीच जोखीम नाही का?"

शंका रास्त आहे. टिनआयचं म्हणणं असं की शोधासाठी दिलेले फोटो ते सूचीत घालत नाहीत. बाकीच्यांचे नियम वेगवेगळे आणि बदलते. माझा सोपा हिशोब असा: जो फोटो आधीच जगजाहीर आहे तो शोधासाठी देण्यात नवीन काही उघडं पडत नाही. जो कधीच कुणाला दाखवलेला नाही तो शोधायची गरज नाही.

अडचण मधल्या फोटोंची, म्हणजे विश्वासाने एकालाच पाठवलेले आणि तो पसरवेल अशी भीती असलेले खाजगी फोटो. ते कुठल्याही शोधयंत्रात टाकू नका. अठरा वर्षांवरच्या व्यक्तींसाठी stopncii.org ही सेवा २०२१ पासून आहे. तिथे फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. फोनवरच त्याचा ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना दिला जातो, म्हणजे तोच फोटो त्यांच्याकडे चढायला लागला की ओळखता येतो. जी कंपनी सहभागी नाही तिथे याचा उपयोग नाही. अठराच्या आतल्यांसाठी अशाच धर्तीची Take It Down नावाची सेवा आहे.

## सापडला, तर पहिली तक्रार नको

चोर पकडल्याच्या आवेशात आपण लगेच रागाचा ईमेल लिहितो. पान अर्ध्या तासात गायब होतं आणि आपल्याकडे काहीच उरत नाही. म्हणून आधी पानाचा पूर्ण पत्ता उतरवून घ्या, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि web.archive.org वर जाऊन Save Page Now मध्ये तो पत्ता टाका. त्या पानाची तारखेसकट प्रत एका तिसऱ्याच संस्थेकडे राहते. खाजगी फोटोंच्या बाबतीत मात्र हे शेवटचं पाऊल गाळा, नाहीतर आणखी एक उघडी प्रत आपणच तयार करून बसू.

मग त्या चित्रावर उजवी टिचकी मारून ते नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा. कधीकधी तिथे तुमच्याच संकेतस्थळाचा पत्ता निघतो. म्हणजे त्यांनी प्रत काढलेलीच नाही, तुमच्या दारातला फोटो खिडकीतून स्वतःच्या घरात दाखवलाय. अशा वेळी तुमच्याकडच्या फाइलचं नाव बदललं की त्यांच्या पानावर रिकामी चौकट उरते. भांडणाची गरजच पडत नाही.

आणि परवानगी आपण कधी दिली होती का, हेही एकदा आठवून बघावं. फोटो चढवताना "नाव देऊन कुणीही वापरा" असा पर्याय आपणच निवडलेला असू शकतो. मग नाव दिलंय का एवढाच प्रश्न उरतो.

हे सगळं झाल्यावर संकेतस्थळाला थेट लिहावं, दोन्ही पत्ते आणि मूळ न कापलेला फोटो लहान आकारात जोडून. उत्तर आलं नाही तर ज्या कंपनीच्या संगणकावर ते संकेतस्थळ ठेवलेलं आहे तिला. अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्यामुळे बऱ्याच कंपन्यांकडे अशा तक्रारींचा ठरावीक अर्ज असतो. त्यात खोटा दावा केला तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून पारदर्शक फोटो एकमेकांवर ठेवायची ती कसोटी आधी. गूगलकडे अर्ज केला तर पान शोधनिकालांतून जाऊ शकतं, पण मूळ संकेतस्थळावर फोटो राहतोच.

माझ्या तीन पानांपैकी लेखवाल्याने दुसऱ्याच दिवशी माफी मागून फोटो काढला. त्याला तो कुठल्याशा "मोफत चित्रं" म्हणवणाऱ्या पानावर मिळाला होता आणि तो बिचारा खरंच बोलत असावा. उभ्या पट्टीवाल्याने उत्तरच दिलं नाही, महिन्याभराने ते पानच बंद पडलं. भिंतीवरची चित्रं विकणाऱ्यांनी आधी "आमचा पक्षी उजवीकडे बघतो" असं कळवलं. मी त्यांना आरसा-प्रत, डावीकडचा कापलेला हिस्सा आणि पापणी मिटलेली फ्रेम अशी तीन चित्रं पाठवली. त्यावर उत्तर आलं नाही, पण चित्र उतरलं.

चार महिन्यांनी तीच आरसा-प्रत टिनआयला पुन्हा दिली. आधी शून्य दाखवणाऱ्या जागी या वेळी एक निकाल होता, एका चौथ्याच पानाचा. तिथला खंड्या डोक्यावर टोपी घालून होता. पायाखालची काटकी मात्र तशीच, मोडकी.